भाजलेल्या पाट्या आणि कुजलेल्या गुंडाळ्या

कच्च्या विटांच्या भिंतीचे पावसाळ्यात काय होते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. चार दिवस झड लागली की भिंत फुगते, पोपडे सुटतात आणि शेवटी तिचा चिखल होतो. पण तीच वीट भट्टीत भाजून काढा. मग कितीही पाऊस पडो, ती ढिम्म राहते. कच्ची माती पाण्याने विरते आणि विस्तवाने पक्की होते. एवढी साधी गोष्ट मनात धरून हा धडा वाचायला घ्यावा. कारण जगातले एक फार जुने ग्रंथालय आगीत सापडले, आणि ते आज आपल्याला वाचायला मिळते ते पुष्कळसे त्या आगीमुळेच.

हे ग्रंथालय निनेव्हे नावाच्या शहरात होते. आज ज्याला इराक म्हणतात त्या देशात टायग्रिस नदीच्या काठी मोसुल शहर आहे. त्याच्या समोरच्या काठावर निनेव्हेचे अवशेष आहेत. त्या काळी तेथे असीरिया नावाचे मोठे राज्य होते आणि निनेव्हे ही त्याची राजधानी होती. राजाचे नाव असुरबानिपाल. तो इसवी सनापूर्वी ६६९ च्या सुमारास गादीवर बसला आणि त्याने सुमारे ३८ वर्षे राज्य केले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. इसवी सनापूर्वीची वर्षे उलटी मोजतात. ६६९ आधी येते आणि ६१२ नंतर. आमच्या वर्गात चांगली शिकलेली मुलेही येथे हमखास घसरत, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

राजा म्हटला की त्याने लढाया कराव्या, शिकार करावी. लिहिण्याचे काम कारकुनांचे. पण या राजाने आपल्या शिलालेखांत मोठ्या अभिमानाने सांगून ठेवले आहे की, मला लिहिता वाचता येते आणि जुने, अवघड लेखही मी लावू शकतो. त्याच्या राजवाड्यातल्या भिंतींवर सिंहाच्या शिकारीची चित्रे दगडात कोरली आहेत. त्यात राजा सिंह मारतो आहे आणि त्याच्या कमरपट्ट्यात लेखणी खोचलेली आहे. शिकारीला जाताना लेखणी कशाला हवी? पण राजाला ती दाखवायची होती. साक्षर असण्याचा डौल हा काही आजचा नाही.

ती लेखणी म्हणजे बोरू. आपण शाईत बुडवून लिहितो तो बोरू नव्हे. शाई तेथे लागतच नसे. नदीकाठची बारीक माती घ्यायची, तिच्यातले खडे आणि काडीकचरा काढायचा, ती मळायची आणि थापून तिची पाटी करायची. काही पाट्या तळहातात मावतील एवढ्या असत, तर काही मुलांच्या दगडी पाटीएवढ्या. पाटी ओली असतानाच बोरूचे कापलेले टोक तिच्यात दाबायचे. ओढायचे नाही, नुसते दाबायचे. मग एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता असा, खिळ्यासारखा ठसा उठतो. असे दोन, चार, दहा खिळे मिळून एक अक्षर होते. म्हणून या लिपीला कीलाकार लिपी म्हणतात. आपली मुळाक्षरे पन्नासच्या आसपास आहेत. त्या लिपीत चिन्हे सुमारे सहाशे! शिवाय एकाच चिन्हाचे उच्चार निरनिराळे. लेखक व्हायचे तर लहानपणापासून वर्षानुवर्षे पाट्या घोटाव्या लागत. पाटीची एक बाजू भरली की ती खालून वर उलटायची आणि मागे लिहायचे. शेवटी पाटी सुकत ठेवायची. भाजण्यासाठी जळण लागते, आणि त्या देशात लाकूड महाग. त्यामुळे बहुतेक पाट्या नुसत्या वाळवलेल्याच असत, म्हणजे कच्च्या विटेसारख्या.

राजाला ग्रंथ हवे होते, पण ते होते कुठे? जुनी विद्या दक्षिणेकडे होती, बाबिलोन आणि त्याच्या आसपासच्या शहरांत. तेथल्या देवळांत पाट्यांचे संग्रह होते. वैद्य, मांत्रिक, ज्योतिषी यांच्या घरीही बापजाद्यांपासून चालत आलेल्या पाट्या असत. बोर्सिप्पा या गावच्या शादुनू नावाच्या माणसाला गेलेल्या एका राजाज्ञेची नक्कल आज उपलब्ध आहे. त्या आज्ञेवर राजाचे नाव नाही, पण ती असुरबानिपालचीच असावी असे बहुतेक विद्वान मानतात. तिचा आशय असा: हे पत्र मिळेल त्याच दिवशी अमुक अमुक माणसे बरोबर घे, विद्वानांच्या घरी आणि देवळात असतील त्या पाट्या शोध, आमच्या देशात ज्यांची प्रत नाही अशा दुर्मिळ पाट्या पाठव, आम्ही नाव कळवले नाही पण राजवाड्याला उपयोगी पडेल असे काही दिसले, तर तेही पाठव, आणि कोणीही तुला पाटी नाकारता कामा नये.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. ते मागणे नव्हते, हुकूम होता.

पुढे तर हुकुमाचीही गरज उरली नाही. असुरबानिपालचा भाऊ शमाश-शुम-उकिन हा बाबिलोनचा राजा होता. त्याने इसवी सनापूर्वी ६५२ मध्ये बंड केले. चार वर्षे भाऊबंदकीचे युद्ध झाले आणि ६४८ मध्ये बाबिलोन पडले. त्यानंतर लगेच निनेव्हेच्या ग्रंथसंग्रहात नवी भर पडली. तिच्या याद्या सापडल्या आहेत. कोणाकडून आले, कोणता ग्रंथ, किती नग, असे त्यांत नोंदले आहे. आज ज्या फुटक्यातुटक्या याद्या आहेत त्यांतच सुमारे २००० मातीच्या पाट्या आणि सुमारे ३०० मेणाच्या पाट्या मोजता येतात. लोकांनी त्या खुशीने दिल्या असतील काय? काहींनी दिल्या असतील. पण त्याच काळच्या एका कागदात, म्हणजे अर्थात एका पाटीत, निप्पूर शहराच्या अधिकाऱ्याच्या मुलाविषयी नोंद आहे. त्याने एक ग्रंथमाला लिहून पुरी केली आहे आणि त्याला बेड्या घातल्या आहेत. आम्हाला ही नोंद वाचून नेहमी थोडे थांबायला होते. इतके मोठे ग्रंथालय उभे राहिले ते असे. विद्येची आवड खरी होती, आणि बेड्याही खऱ्या होत्या.

आता मेणाच्या पाट्यांचे सांगायचे राहिले. लाकडाच्या किंवा हस्तिदंताच्या फळीला मधोमध उथळ खाच करीत आणि तीत पिवळे मेण भरीत. मेणावर लिहिणे सोपे, खोडणेही सोपे. अशा फळ्या बिजागरीने जोडून पुस्तकासारख्या मिटताही येत. निनेव्हेला अशा पाट्या भरपूर होत्या, पण तेथे त्यांतली एकही वाचण्याजोगी उरली नाही. का ते पुढे येईलच.

मिळालेल्या पाट्यांच्या नकला राजवाड्यात होत. आता नक्कल करणे म्हणजे काय, हे ज्याने मुलांना उतारा उतरून घ्यायला लावला आहे त्याला विचारावे. एका ओळीत ‘राजा’ शब्द असतो आणि दोन ओळी खाली पुन्हा ‘राजा’. पोराची नजर वरच्या राजावरून खालच्यावर उडी मारते आणि मधल्या दोन ओळी गडप! त्याला पत्ताही नसतो. मोठे लेखकही असेच चुकत. म्हणून निनेव्हेच्या लेखकांनी काही शिस्त घालून घेतली होती. पाटीच्या शेवटी ते एक टीप लिहीत. ही पाटी मूळ प्रतीप्रमाणे लिहिली व ताडून पाहिली, असे त्या टिपेत असे. ही असुरबानिपाल राजाच्या वाड्यातली आहे, असेही असे. ती कोणी चोरील तर देवाचा कोप होईल, असा दमही काही टिपांत भरलेला असे.

दुसरी शिस्त आम्हाला फारच मोलाची वाटते. मूळ पाटी कोठे फुटलेली असली, तर तिथला मजकूर अंदाजाने भरून काढायचा नाही. त्या जागी बारीक अक्षरात ‘हेपी’ असे लिहायचे. हेपी म्हणजे ‘तुटले आहे’. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाच्या हातात जी पाटी होती, ती त्याच्याही काळी जुनी आणि फुटकी होती, आणि ते त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. कधी तो ‘नवे तुटले’ असेही लिहितो. म्हणजे जुनी फूट आधीच्या नकलकारानेच सांगितली होती, आणि त्यानंतर आणखी एक तुकडा उडाला.

मोठा ग्रंथ एका पाटीत मावत नसे. मग पाट्यांचा क्रम कसा लावायचा? आपल्या पुस्तकाला पाने शिवलेली असतात, पाट्या तर सुट्या. त्यावर त्यांची युक्ती अशी. प्रत्येक पाटीच्या अखेरीस ग्रंथाचे नाव आणि ही कितवी पाटी ते लिहायचे. शिवाय पुढच्या पाटीची पहिली ओळ आधीच येथे लिहून ठेवायची. ढिगातून पुढची पाटी शोधणाऱ्याने ती ओळ जुळवून पाहायची. गिलगमेश नावाच्या राजाची एक मोठी कथा आहे. ती अशा १२ पाट्यांची. तिच्यातल्या अकराव्या पाटीची हकीकत आता येईल, म्हणून नाव लक्षात ठेवा.

पाट्या ठेवण्याची सोय ठिकठिकाणी निराळी असे. टोपल्या, रांजण, लाकडी पेट्या असत, आणि त्यांना मातीचीच चिठ्ठी लावीत. बगदादच्या दक्षिणेला सिप्पार या जुन्या शहरी १९८६ मध्ये इराकी संशोधकांना देवळातली एक खोली सापडली. तिच्या भिंतींत खणांच्या ओळी होत्या, आणि त्या खणांत सुमारे ८०० पाट्या होत्या. कितीतरी पाट्या जशा रचून ठेवल्या होत्या तशाच उभ्या होत्या. निनेव्हेच्या पाट्या मात्र अशा जागच्या जागी मिळाल्या नाहीत. तेथे घडले ते निराळेच.

असुरबानिपालनंतर राज्य खिळखिळे झाले. इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये बाबिलोनी आणि मीड लोकांच्या सैन्यांनी मिळून निनेव्हे घेतले, लुटले आणि राजवाड्यांना आग लावली. छपराच्या तुळया पेटल्या, भिंती कोसळल्या. बऱ्याच पाट्या वरच्या मजल्यावर असाव्यात आणि त्या मजल्यासकट खाली आल्या असाव्यात, असे मानतात. मेणाच्या पाट्यांचे काय झाले हे सांगायला नको. लाकूड जळाले, मेण वितळले. चामड्यावर आणि पपायरसवर शाईने लिहिलेले जे काही होते, तेही राख झाले. मातीच्या पाट्या पडून फुटल्या. पण जळत्या तुळयांच्या खाली त्या भाजल्या गेल्या! राजवाड्याचा जणू आवा झाला. आवा काही कुंभाराने रचलेला नव्हता, त्यामुळे तो सगळीकडे सारखा पेटला नाही. काही पाट्या पक्क्या झाल्या, काही काळ्या पडल्या, तर काही अति तापून वाकड्या झाल्या. वर ढिगारा पडला, त्यावर माती साचली, गवत उगवले, मेंढपाळ मेंढ्या चारू लागले. अशी चोवीसशे वर्षे गेली.

इसवी सन १८५० च्या सुमारास ऑस्टिन हेन्री लेयर्ड नावाच्या इंग्रजाने तेथे खोदकाम केले. राजवाड्याच्या दोन खोल्यांत त्याला जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत नुसते पाट्यांचे तुकडे भरलेले दिसले. मोसुलचाच राहणारा होर्मुझ्द रस्साम हा त्याचा साहाय्यक होता. त्याने पुढे १८५३ मध्ये खुद्द असुरबानिपालच्या वाड्यात आणखी पाट्या काढल्या. सगळा माल खोक्यांत भरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे रवाना झाला. कोणता तुकडा कोणत्या खोलीत मिळाला, याची नीट नोंद त्या वेळी ठेवली गेली नाही. दोन वाड्यांचे तुकडे पुढे एकमेकांत मिसळले. खणणाऱ्यांना तेव्हा ती लिपी वाचता येत नव्हती हे खरे, पण ज्या लेखकांनी पाटी-पाटीला क्रमांक घातला त्यांच्या ग्रंथालयाची अशी सरमिसळ व्हावी, याचे आम्हाला वाईट वाटते. एकूण ३०,००० हून अधिक पाट्या आणि तुकडे तेथे आहेत. आकडा मोठा दिसतो, पण एकाच पाटीचे दहा तुकडेही त्यात मोजले आहेत. मूळ ग्रंथांची संख्या त्याहून पुष्कळ कमी होती.

हे तुकडे जुळवण्याच्या कामात जॉर्ज स्मिथ नावाचा एक माणूस पुढे आला. तो गरीब घरचा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि नोटांचे ठसे कोरणाऱ्या छापखान्यात तो उमेदवारीला लागला. जेवणाच्या सुटीत तो म्युझियममध्ये जाई आणि कीलाकार लिपी आपली आपण शिके. बारीक कोरीव कामाने नजर तयार झालेली होती, त्यामुळे कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला बसतो हे त्याला चटकन दिसे. पुढे म्युझियमने त्याला कामावर घेतले.

१८७२ साली असाच एक तुकडा तो वाचत होता. त्यात एक जहाज डोंगरावर टेकल्याचे आले. मग जमीन कोठे दिसते का हे पाहायला कबुतर सोडले, आणि बसायला जागा न मिळाल्याने ते परत आले, असे आले. स्मिथ चपापला. बायबलातल्या नोहाच्या जलप्रलयाची हीच गोष्ट! आपल्याकडे मनू आणि माशाची गोष्ट सांगतात, तशीच ही प्रलयाची कथा. ही पाटी म्हणजे गिलगमेशाच्या कथेतली अकरावी. ३ डिसेंबर १८७२ रोजी स्मिथने लंडनमध्ये याविषयी जाहीर व्याख्यान दिले आणि सगळीकडे खळबळ उडाली. पाटीचा काही भाग फुटलेला होता. एका वर्तमानपत्राने खर्च दिला आणि स्मिथ १८७३ मध्ये निनेव्हेला गेला. आधीच्या खोदकामात राहिलेल्या मातीत त्याने शोध घेतला, आणि खरोखरच त्याला प्रलयाच्या कथेच्या सतरा ओळींचा तुकडा मिळाला. खरी मौज पुढेच आहे. नंतरच्या विद्वानांनी बारकाईने पाहिले, तेव्हा तो तुकडा या पाटीचा नव्हेच असे ठरले. तीच कथा सांगणारे दुसरे, अधिक जुने एक काव्य होते, त्यातला तो निघाला.

अकरावी पाटी आज जवळजवळ पुरी वाचता येते, कारण राजाने तिची एकच प्रत ठेवली नव्हती. एका प्रतीत जो कोपरा उडाला तो दुसऱ्या प्रतीत शाबूत आहे. इतर काही पाट्यांत मात्र अजून मोठमोठी खिंडारे आहेत. इराकमधील सुलेमानिया येथल्या संग्रहालयाने २०११ मध्ये एक पाटी विकत घेतली. ती २०१४ मध्ये छापून प्रसिद्ध झाली, तेव्हा गिलगमेशाच्या पाचव्या पाटीत सुमारे वीस नव्या ओळींची भर पडली. गोष्ट अजून पुरी व्हायची आहे.

आता मातीची बाजू सोडून गुंडाळीकडे वळू. निनेव्हे जळाल्यानंतर सुमारे सव्वातीनशे वर्षांनी इजिप्त देशात, समुद्रकाठच्या अलेक्झांड्रिया शहरी, टॉलेमी घराण्याच्या ग्रीक राजांनी फार मोठे ग्रंथालय उभारले. तेथे पाट्या नव्हत्या, पपायरसच्या गुंडाळ्या होत्या. पपायरस ही नाईल नदीच्या दलदलीत वाढणारी लव्हाळ्याच्या जातीची उंच वनस्पती. तिच्या देठाचा आतला मऊ गाभा लांब पट्ट्यांत कापायचा. पट्ट्या शेजारी शेजारी मांडायच्या, त्यांवर दुसरा थर आडवा घालायचा, दाबायचा आणि वाळवायचा. पट्ट्यांच्याच चिकाने दोन्ही थर चिकटतात. अशी वीसएक पाने खळीने एकापुढे एक जोडली की गुंडाळी तयार. त्यावर शाईने लिहायचे. गुंडाळी हलकी, नेआण करायला सोपी. फळीवर एकावर एक रचली तर टोकाला लटकणारी चिठ्ठी पाहून कोणती कोणाची ते कळे.

या राजांचीही ग्रंथ जमवण्याची रीत असुरबानिपालच्याच वळणाची. गॅलेन नावाच्या जुन्या ग्रीक वैद्याने लिहून ठेवले आहे की, बंदरात आलेल्या जहाजांवर जे ग्रंथ असत ते उतरवून घेत, त्यांची नक्कल करीत, आणि मालकाला परत करीत ती नक्कल! मूळ प्रत ग्रंथालयात राही, आणि तिच्यावर ‘जहाजांवरून आलेले’ अशी नोंद होई. अथेन्स शहराकडे आपल्या तीन मोठ्या नाटककारांच्या नाटकांच्या अधिकृत प्रती होत्या. राजाने पंधरा टॅलंट चांदी अनामत ठेवून त्या उसन्या आणल्या. त्या काळी ही प्रचंड रक्कम. मग उत्तम पपायरसवर सुंदर नकला करवल्या, नकला अथेन्सला पाठवल्या आणि अनामत सोडून दिली.

या ग्रंथालयाचे काय झाले असे विचारले, तर लोक चटकन उत्तर देतात, जळाले. कोणी ज्यूलियस सीझरचे नाव घेतो. इसवी सनापूर्वी ४८ मध्ये त्याने बंदरातली जहाजे पेटवली आणि आग पसरून पुष्कळ ग्रंथ जळाले, हे जुन्या लेखकांनी लिहिले आहे. पण त्यानंतरही त्या शहरात विद्वान काम करीत होते. कोणी अरबांच्या खलिफाचे नाव घेतो. अरबांनी शहर घेतले इसवी सन ६४२ मध्ये, आणि ग्रंथ जाळल्याची गोष्ट लिहिली गेली त्यानंतर पाचसहाशे वर्षांनी. ती फारसे कोणी खरी मानत नाही. एकाच माणसाच्या माथी खापर फोडले की मन मोकळे होते, पण हिशेब लागत नाही.

आपण हिशेब करून पाहू. पपायरस कोरड्या वाळवंटात हजारो वर्षे टिकतो. पण अलेक्झांड्रिया समुद्रकाठी. दमट हवा, कसर, बुरशी, शिवाय उलगडून आणि गुंडाळून झिजलेल्या कडा. चांगली जपलेली गुंडाळी सरासरी दोनशे वर्षे टिकते, असे हिशेबापुरते धरू. ग्रंथालयात एक लाख गुंडाळ्या होत्या असेही धरू. जुने लेखक आकडे निरनिराळे देतात, काही तर सात लाखांपर्यंत जातात, आणि त्यांवर भरवसा ठेवता येत नाही. एक लाखाला दोनशेने भागा. पाचशे आले. म्हणजे काही नवे न आणता, आहे तेवढेच टिकवायचे तरी दरवर्षी पाचशे गुंडाळ्या नव्याने उतरल्या पाहिजेत. एका लेखकाला एक गुंडाळी उतरून ताडून पाहायला एक आठवडा धरला, तर वर्षाला पन्नास झाल्या. पाचशेसाठी दहा लेखक लागले. दहा लेखकांचा पगार राजाला जड नाही. पण हे दहा लेखक यंदा हवेत, पुढच्या वर्षी हवेत, युद्ध असताना हवेत, दुष्काळ असताना हवेत, आणि नवा राजा बसला व त्याला ग्रंथांचे वावडे असले तरी हवेतच. एक पिढी हे काम थांबले तर बाहेरून काहीच दिसत नाही. फळ्या भरलेल्याच असतात. आम्ही नोकरीला होतो त्या एका शाळेत जुन्या हजेरीपटांचे कपाट असेच भरलेले होते. एकदा एक पट ओढायला गेलो, तर हातात नुसती पाठ आली. आतले सगळे वाळवीने कधीच खाल्ले होते.

अलेक्झांड्रियात असेच झाले असावे. इसवी सनापूर्वी १४५ च्या सुमारास आठव्या टॉलेमीने राजकारणातल्या रागापोटी विद्वानांना शहरातून हाकलले. पुढे रोमचे राज्य आले. इसवी सन २७२ च्या सुमारास लढाईत राजवाड्यांचा सगळा भागच उद्ध्वस्त झाला. ग्रंथालय त्याच भागात होते. प्रत्येक तडाख्यानंतर भरपाईचे काम करणारे हात कमी झाले.

त्यातच पुस्तकाचा आकार बदलला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून चौथ्या शतकापर्यंत गुंडाळी हळूहळू मागे पडली आणि पाने शिवलेले पुस्तक आले. ते चामड्याचेही करता येई आणि अधिक टिके. आता जुन्या गुंडाळ्यांतले काय नव्या पुस्तकात उतरायचे, हे ठरवणे आले. जे शाळेत शिकवीत, जे लोक मागत, ते उतरले गेले. बाकीचे फळीवरच राहिले आणि तेथेच कुजले. त्याला कोणी काडी लावली नाही.

अथेन्सच्या त्या तीन नाटककारांपैकी सोफोक्लीस याने शंभराहून अधिक नाटके लिहिली. आज पुरी मिळतात ती सात. एस्खिलसचीही सातच मिळतात. इजिप्तच्या आतल्या भागात, वाळवंटाला लागून, ऑक्सिरिंकस नावाचे जुने गाव होते. तेथील उकिरडे १८९७ पासून दोन इंग्रज संशोधकांनी उकरले, तेव्हा टाकून दिलेल्या फाटक्या गुंडाळ्यांत सोफोक्लीसच्या आणखी एका नाटकाचा बराचसा भाग मिळाला. राजाच्या ग्रंथालयात जे टिकले नाही ते गावच्या उकिरड्यात टिकले, कारण तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही.

अलेक्झांड्रियात कॅलिमॅकस नावाच्या कवीने ग्रंथकारांची आणि ग्रंथांची एक मोठी यादी केली होती. प्रत्येक ग्रंथाची पहिली ओळ आणि एकूण ओळींची संख्या त्यात दिली होती. ती यादीच १२० गुंडाळ्या भरली. ती मिळाली असती तर काय काय हरवले ते निदान नावानिशी कळले असते. पण तीही उरली नाही. इतरांनी आपल्या पुस्तकांत तिच्यातून जे थोडेफार उतरून घेतले होते, तेवढेच आज हाती आहे. आणि पंधरा टॅलंट चांदीवर पाणी सोडून ठेवून घेतलेल्या त्या अथेन्सच्या मूळ प्रतींतले एक पानही कोठे सापडलेले नाही.